तयार उत्तराची पहिली ओळ

मित्रहो, ऑनलाइन कपडे विकताना ग्राहकांना पाठवायची तयार उत्तरे कोरडी वाटतात अशी तक्रार नेहमी होते. माझ्या मते दोष तयार मजकुराचा नसून संपूर्ण निरोपच तयार असण्याचा असतो. पहिली ओळ हाताने लिहावी आणि बाकीचे साठवलेले चिकटवावे, एवढेच मी मापाच्या प्रश्नावरून दाखवणार आहे.

समजा, एक ग्राहक विचारते, ‘मी नेहमी एम घालते, पण हा शर्ट थोडा सैल हवा आहे, एल घेऊ का?’ यावर बहुतेक विक्रेते मापांचा तक्ता पाठवून मोकळे होतात. तक्त्यातला आकडा अंगाचा की कपड्याचा, हे तिला कळत नाही आणि परत येणाऱ्या मालाची सुरुवात तिथेच होते. त्याऐवजी साठवलेला मजकूर असा ठेवावा: ‘तुम्हाला नीट बसणारा एखादा शर्ट बटणे लावून सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि तो आकडा कळवा. असेच मोजल्यावर आमचा एम 20 इंच आणि एल 21.5 इंच भरतो.’ त्याच्या आधी आपण लिहायचे ते इतकेच: ‘सैल हवा आहे म्हणता, तर एल योग्य वाटतो, तरी एकदा मोजून पाहू.’ तिने 20.5 इंच कळवले, तर एल तिच्या शर्टापेक्षा सपाट मापात एक इंच, म्हणजे घेरात दोन इंच मोठा होईल, आणि एम मात्र घेरात एक इंच लहान पडेल. कापड ताणले जाणारे असेल तर हा हिशेब सैलावतो; त्यासाठी वेगळा मजकूर साठवावा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये असा मजकूर झटपट उत्तर म्हणून साठवता येतो आणि तिरकी रेघ टाकून त्याचे छोटे नाव लिहिले की समोर येतो. मजकुरात ‘प्रिय (नाव)’ अशी रिकामी जागा मात्र ठेवू नये, कारण घाईत ती तशीच जाते आणि मग कितीही गोड लिहिलेले वाया जाते.

पोहोचण्याच्या प्रश्नाला ‘पाच ते सात दिवस’ हे उत्तर अपुरे आहे, कारण दिवस कधीपासून मोजायचे हे त्यात नाही. पार्सल आपल्याकडून निघण्याची तारीख आणि पोहोचण्याची अपेक्षित तारीख वेगवेगळ्या लिहाव्यात, आणि त्या दोन्ही हातानेच भराव्यात. शिल्लक मालाचे तयार उत्तर तर मी ठेवतच नाही. फक्त ‘आत्ता पाहिले,’ एवढी सुरुवात साठवलेली आहे, म्हणजे पुढचे लिहिण्याआधी खरोखर कपाट उघडावे लागते.

मजकूर बिघडला आहे हे कसे ओळखावे? उत्तर मिळाल्यावरही ग्राहक तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. असे एकाच मजकुरावर दोन-तीनदा झाले, की मी त्या ग्राहकाला लिहिलेले दुसरे उत्तर उचलतो आणि साठवलेल्या मजकुराच्या जागी तेच ठेवतो.