पंचवीसची मर्यादा बसते कुठे?

मूठ पूर्ण पिळलेली, रस्ता सपाट, बॅटरी भरलेली. तरी स्क्रीनवरचा आकडा २५ च्या जवळ येऊन अडतो. लायसन्स आणि पासिंगशिवाय चालणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरचं हे वागणं ठरवून घडवलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली ही सवलत मिळण्यासाठी मोटर सलग अर्धा तास देऊ शकेल ती ताकद २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी लागतो.

(पडद्यावर: सीटखालचा कंट्रोलर)

मर्यादा असते या डब्यात. पण त्याला किलोमीटर कळत नाहीत. मागच्या चाकातल्या मोटरमध्ये फिरणारे चुंबक ओळखणारे हॉल सेन्सर असतात, त्यांच्या संकेतांवरून तो फक्त फेरे मोजतो. म्हणून कारखान्यात त्याला चाकाचा घेर सांगावा लागतो. ९०/१०० - १० मापाच्या टायरचा घेर साधारण १ मीटर ३६ सेंटिमीटर. ताशी २५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३०६ फेरे. तेवढे फेरे जवळ आले की कंट्रोलर मोटरचा करंट उतरवू लागतो. उतरवणं सावकाश असेल तर चालवणाऱ्याला जाणवतही नाही. घाईचं असेल तर गाडी गचके देते. टायर झिजून व्यास एक सेंटिमीटरने घटला, तर स्क्रीनवर २५ दिसत असताना खरा वेग असतो साडेचोवीसच्या आसपास.

उतारावर मात्र गाडी पंचविशीच्या पुढे जाऊ शकते. कंट्रोलर मोटरची ताकद काढून घेतो, पण ब्रेक लावतोच असं नाही.

आता इको आणि स्पोर्ट. मोड बदलला की बहुधा दोन गोष्टी बदलतात: मूठ किती पिळल्यावर किती ताकद मिळेल, आणि करंटची कमाल. स्वार धरून दीडशे किलो वजन आणि सहा टक्के चढ असेल, तर ताशी २५ वेगाला साडेसातशे वॅटच्या वर लागतात. इकोमध्ये तेवढा करंट मिळत नाही, म्हणून चढावर गाडी रेंगाळते. तिथे वेगमर्यादा आड येत नसते, करंट कमी पडतो.

मोठ्या, पासिंग झालेल्या स्कूटरचं ॲप मोड निवडू देतं, काही ठिकाणी कारखान्याच्या कमाल वेगाखाली स्वतःची मर्यादाही लावू देतं. कारखान्याची कमाल मात्र तिथून वाढत नाही. ती सर्व्हिस सेंटरच्या सॉफ्टवेअरमधून बसते.

साध्या स्कूटरवर हेच काम बऱ्याचदा एक वायरजोड करतो, आणि काही दुकानदार 'स्पीड वाढवून देतो' म्हणत तो सोडवतात. आम्हाला हे फार घातक वाटतं. ब्रेक आणि टायर पंचविशीच्या हिशोबाने बसवलेले असतात, आणि ती गाडी त्याच क्षणी पासिंग, लायसन्स आणि विमा लागणारं मोटार वाहन ठरते. घेताना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र मागा. त्यात नोंदलेला वेग आणि दुकानदार तोंडी सांगतो तो वेग जुळला पाहिजे.