पंख वर उचललेले का असतात?

नमस्कार मंडळी. हातातलं पुस्तक वाचून दाखवायला आणलेलं नाही. मी ते मधोमध उघडतो, कणा खाली आणि दोन्ही बाजू जराशा वर उचललेल्या. समोरून पाहिलं तर उथळ खोबण दिसते. कणा म्हणजे विमानाचं धड, दोन बाजू म्हणजे दोन पंख. पंख आडव्या रेषेपासून जेवढे वर उचललेले, त्या कोनाला डायहेड्रल म्हणतात. वाऱ्याच्या झोतानं विमान एका कुशीवर कललं की याच कोनामुळे ते पुन्हा सरळ व्हायला बघतं, इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. कसं, ते मात्र बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलेलं असतं.

ते चुकीचं उत्तर आधी बघू, कारण ते पटकन पटतं. विमान डावीकडे कललं की डावा पंख जवळजवळ आडवा होतो आणि उजवा जास्त उभा होतो. आडव्या पंखाची ‘सावली’ मोठी, म्हणून त्याची लिफ्ट, म्हणजे वर उचलणारं बल, जास्त, म्हणून तो वर येतो. आकृतीही सुबक निघते. शिकत असताना मीही परीक्षेत हेच लिहिलं होतं आणि पूर्ण गुण मिळवले होते.

पण लिफ्ट सावलीवर अवलंबून नसते. ती पंखाला काटकोनात लागते आणि पंख कलला की त्याच्यासोबत तीही कलते. नुसतं कललेलं विमान सरळ पुढेच जात असेल, तर दोन्ही पंखांवर समोरून येणारी हवा अगदी सारखी असते. दोन्हीकडे बल तेवढंच, धडापासूनचं अंतरही तेवढंच. मग विमानाला परत फिरवणार कोण? आपण कललो आहोत हे पंखांना कळायला काही मार्गच नाही.

त्यांना कळतं ते घसरण्यावरून. विमान डावीकडे कललं की लिफ्टही डावीकडे झुकते आणि तिचा एक भाग विमानाला डावीकडे ओढू लागतो. विमान पुढे जाता जाता खालच्या पंखाच्या दिशेनं तिरकं सरकायला लागतं. वैमानिक याला साइडस्लिप म्हणतात. आता हवा फक्त समोरून येत नाही, थोडी डावीकडूनही येते.

आता पुस्तकाकडे बघा. मी ते डोळ्यांच्या उंचीवर धरतो. डावीकडे बसलेल्यांना काय दिसतं? डाव्या पंखाची खालची बाजू, म्हणजे पुस्तकाचा पुठ्ठा. आणि उजव्या पंखाची वरची बाजू, म्हणजे पानं. डावीकडून येणाऱ्या हवेलाही नेमकं हेच ‘दिसतं’. ती डाव्या पंखाला खालून लागते आणि उजव्याला वरून. डाव्या पंखाचा हवेशी होणारा कोन, म्हणजे अँगल ऑफ अटॅक, वाढतो आणि उजव्याचा कमी होतो. डावा पंख वर जातो, उजवा खाली येतो. पुस्तक सपाट उघडून धरलं तर बाजूनं फक्त कड दिसते, आणि सपाट पंखाला बाजूच्या हवेचा असा काहीच पत्ता लागत नाही.

किती फरक पडतो ते एकदा मोजून बघू. एक लहान विमान घ्या, वजन 1000 किलो, वेग सेकंदाला 50 मीटर, डायहेड्रल 5 अंश. ते बाजूला सेकंदाला 5 मीटरनं घसरतंय असं धरू. या 5 मीटरपैकी पंखाला काटकोनात लागणारा भाग म्हणजे 5 गुणिले 5 अंशांची साइन, साधारण 0.44 मीटर. समोरून येणाऱ्या 50 मीटरच्या हवेत एवढा प्रवाह खालून मिसळला की कोन बदलतो जेमतेम अर्धा अंश. फार वाटत नाही. पण विमानाला तोलून धरणारा कोन मुळात 4 अंशांच्या आसपास असेल, तर अर्धा अंश म्हणजे त्याचा आठवा हिस्सा झाला. प्रत्येक पंख 500 किलो पेलत होता. आता डावा सुमारे 562 आणि उजवा 438 पेलतो. सव्वाशे किलोंचा फरक, तोही धडापासून दूर लागणारा. हिशेब ढोबळ आहे, पण विमान परत सरळ करायला हे बळ भरपूर आहे हे दिसतं.

उगाच वाद नको म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. पायपर चेरोकी या लहान विमानाचे पंख धडाच्या खाली आहेत आणि त्यांचं डायहेड्रल 7 अंश आहे. तसंच लहान विमान सेस्ना 172, त्याचे पंख धडाच्या वर आहेत आणि डायहेड्रल पावणेदोन अंशसुद्धा नाही. धड लंबकासारखं खाली लोंबकळतं म्हणून सेस्नाला कोन कमी लागतो, असं सांगणारे भेटतील. तेही खरं नाही. घसरताना बाजूनं येणारी हवा धडाला अडते आणि वर-खाली वाट काढते. वर जाणारा प्रवाह वरच्या पंखाच्या बुडाशी खालून लागतो, म्हणजे डायहेड्रलचं काम तो आधीच थोडंफार करून टाकतो. धडाखालच्या पंखाच्या बाबतीत तोच प्रवाह उलट काम करतो, म्हणून चेरोकीला भरपाई करावी लागते.

मग पंख आणखी उचलावेत की, 20 अंश! इथे शेपटी आडवी येते. मघाच्या हिशेबात मी घसरण मुक्तपणे चालू दिली होती. खऱ्या विमानात उभी शेपटी बाजूची हवा लागताच नाक घसरण्याच्या दिशेला वळवते, आणि घसरणं कमी होतं. घसरणं गेलं की डायहेड्रलला मिळणारी खूणही गेली. शिवाय वळणाऱ्या विमानाचा बाहेरचा पंख जास्त वेगानं जातो, जास्त लिफ्ट करतो आणि कल वाढवतो. शेपटीचा जोर चढला तर विमान हळूहळू गोल गोल खाली उतरत जातं, आणि ते इतकं सावकाश होतं की ढगात अडकलेल्या वैमानिकाला शरीरावरून पत्ताच लागत नाही. याला स्पायरल म्हणतात. डायहेड्रलचा जोर चढला तर दुसरं टोक. विमान सरळ होता होता पलीकडे जातं, नाक डावी-उजवीकडे हलतं, पंख वर-खाली होतात, काही सेकंदांचं एकेक आवर्तन. हा डच रोल. प्रवाशांना पोटात ढवळायला लावणारा हाच. बरेच डिझाइनर डच रोल आटोक्यात ठेवतात आणि किंचित स्पायरल चालवून घेतात, कारण सावकाश येणारी चूक वैमानिक सहज सुधारू शकतो. म्हणजे ‘आपोआप सरळ होणारं’ विमान हात सोडल्यावर कायम सरळच राहील, असं समजू नका.

आणि वारा थेट बाजूनंच आला तर? पंखांना घसरणं आणि बाजूचा झोत यांत फरक कळत नाही. डावीकडून झोत आला की आधी सरळ असलेल्या विमानाचाही डावा पंख उचलला जातो. राइट बंधूंना टेकडीच्या उतारावर, जमिनीच्या अगदी जवळून ग्लायडर उडवताना याचाच त्रास होता. म्हणून 1902च्या ग्लायडरला आणि 1903च्या फ्लायरला त्यांनी पंखांची टोकं उलट खाली झुकवली. फ्लायर आपणहून सरळ होत नसे, ते काम वैमानिक पंखांना पीळ देऊन करी. आजही बाजूच्या वाऱ्यात उतरताना वाऱ्याकडचा पंख खाली दाबून धरावा लागतो. तो सारखा वर उठू बघतो, आणि तो उठवणारा डायहेड्रलच असतो.