वरणाचं पाणी बाळाला, आणि तळची डाळ कुणाला?

(चोपड्यातल्या महिला मंडळात झालेलं व्याख्यान, थोडं आवरून लिहिलेलं)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर विषय लिहिलाय 'शाकाहारी बाळाचं प्रोटीन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन', म्हणजे तीन गोष्टी आणि वेळ दिलाय चाळीस मिनिटं. पण मला आधी एका वाटीबद्दल बोलायचंय. ती डोक्यातून जात नाही आणि बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं.

तुमच्यापैकी किती जणींनी बाळाला वरणाचं पाणी दिलंय? हात वर करा बरं. बघा, जवळजवळ सगळ्यांनीच. पहिल्या ओळीतल्या आजींनी तर दोन्ही हात वर केले.

मी याच तालुक्यात बावीस वर्षं लहान मुलांच्या आहाराचं काम करतेय. गेल्या हिवाळ्यात एका घरी गेले होते, माळकरी घर, अंडंसुद्धा चालत नाही. नातू सव्वा वर्षाचा, वजन आठ किलोला थोडं कमी. या वयाच्या मुलाचं वजन साधारण दहा किलो असतं आणि आठ किलो तीनशे ग्रॅमच्या खाली गेलं की आम्ही त्याला कमी वजनाचा म्हणतो. पोरगं हसरं होतं, पण दंडाला हात लावला तर कातडी सैल. डॉक्टरांनी तपासलं होतं, आजार काही नव्हता. मी विचारलं खातो काय, तर आजी एकदम अभिमानाने म्हणाल्या, सगळं देतो ओ बाई, दूध देतो, डाळ देतो, बिस्कीट देतो. मी म्हटलं मला दाखवा, रोज जसं देता तसंच द्या, माझ्यासाठी काही वेगळं करू नका.

मग आजींनी काय केलं, तुरीच्या डाळीचं पातेलं उतरवलं, डाळ छान शिजलेली होती, पातेलं दहा मिनिटं ठेवलं आणि वरचं पिवळं पाणी अलगद वाटीत ओतून घेतलं, तळची डाळ हलू नये म्हणून पळी आडवी धरली. एवढं निगुतीने! त्यात मीठ, तुपाचा थेंब, आणि वाटी बाळाच्या तोंडाला. मी म्हटलं तळची डाळ का नाही? तर म्हणाल्या, "पोऱ्याले दाय पचत नही, बाई."

मी ती वाटी मागून घेतली, काचेच्या ग्लासात ओतली आणि ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसले. अर्ध्या तासाने ग्लासाच्या तळाशी नखभर गाळ होता, वर सगळं पिवळं पाणी. जे काही प्रोटीन होतं ते जवळजवळ सगळं त्या नखभर गाळात, वरच्या पाण्यात जेमतेम. सूनबाई बराच वेळ ग्लासाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, म्हणजे डाळ आम्ही खातो आणि पाणी हा पितो. मी हो म्हटलं.

आता दूध. दूध म्हशीचं, घरचंच, पण 'जड पडतं' म्हणून एक भाग दुधात दोन भाग पाणी. दिवसाला 200 मिलीच्या दोन बाटल्या, म्हणजे 400 मिली पोटात गेलं, पण त्यात खरं दूध जेमतेम 130 मिली, बाकीचं विहिरीचं. आपण तिथंच वहीवर हिशोब मांडला. एवढ्या दुधातून प्रोटीन चार-पाच ग्रॅम, बिस्किटांतून एक-दीड, वरणाच्या पाण्यातून फार तर एक. सगळं मिळून सात ग्रॅमच्या आसपास, आणि या वयाला लागतं साधारण 12 ग्रॅम. कॅल्शियम लागतं रोज 500 मिलीग्रॅम, दुधातून येत होतं दीडशे-पावणेदोनशे. आणि मूल दिवसभर पोट भरल्यासारखं! कारण त्याचं पोट केवढं, एका वेळेला मोठ्या वाटीभर, ते पाण्यानेच भरून गेलं तर जेवण कुठं ठेवणार?

त्याच्या पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. हा मुलगा जे सात ग्रॅम प्रोटीन खात होता तेसुद्धा अंगाला लागत नव्हतं. एकूण खाणंच कमी पडलं की शरीर प्रोटीन जाळून त्याची ताकद करतं, म्हणजे दार-खिडकीसाठी आणलेलं सागाचं लाकूड चुलीत घालण्यासारखं. म्हणून नुसतं प्रोटीन प्रोटीन करून भागत नाही, भाकरी-भात आणि तूप-तेल पुरेसं पोटात गेलं तर डाळीतलं प्रोटीन वाढीसाठी शिल्लक राहतं. डब्यातली महागडी पावडर आणण्याआधी तुपाचा चमचा आणि घट्ट घास एवढं करून बघा.

घट्ट किती? चमचा भरून घ्या आणि तिरपा करा. चमच्यातून धार लागली तर पातळ, घास हळूच घसरला किंवा चिकटून राहिला तर बरोबर. एवढीच परीक्षा, वाटी बघू नका.

बरं, त्या घरी आम्ही बदललं काय? नवीन काहीच आणलं नाही. डाळ शिजली की तिखटाची फोडणी पडण्याआधी तळची घट्ट डाळ काढायची, चमच्याने घोटायची. एक मोठा चमचा कच्ची डाळ शिजून जेवढी होते तेवढी, त्यात तीनेक ग्रॅम प्रोटीन. दुपारी कळण्याची चतकोर भाकरी गरम असतानाच चुरून त्या डाळीत भिजवायची, वर चमचाभर तूप. आता कळणं बघा, आपल्याकडे ज्वारीत अख्खा उडीद घालून दळतो, आमच्या घरी चारास एक, कुणाकडे तीनास एक. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये लायसिन नावाचा भाग कमी असतो, तो उडदात भरपूर, आणि उडदात जे कमी पडतं ते ज्वारीत आहे, म्हणून दोन्ही एकत्र आले की अंगाला चांगलं लागतं. चतकोरात अडीच-तीन ग्रॅम. गव्हाच्या बिस्किटाला हे जमत नाही. आणि आपण काय करतो, पाहुणे आले की कळण्याची भाकरी न् ठेचा, आणि बाळाला बिस्कीट!

तसंच फुनके. मला वाटतं खान्देशाने लहान बाळासाठी केलेला याहून चांगला पदार्थ नाही. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, वाफवायची, वर कढी. बाळाच्या वाट्याचं वाटण मिरची घालण्याआधी बाजूला काढा, थोडं बारीक वाटा, छोटे मुटके वाफवा आणि कढीत पूर्ण कुस्करा. कढीचं दही ताजं, आंबट नको. डाळीचं प्रोटीन आणि दह्याचं कॅल्शियम एकाच वाटीत. पण इथंही घरोघरी तोच प्रकार, फुनके मोठ्यांना आणि वरची कढी बाळाला!

आता पचत नाही म्हणतात त्याबद्दल. चौथ्या दिवशी आजींचा फोन आला, शीमध्ये डाळीची सालं दिसताहेत, मी म्हटलं होतं ना. घाबरू नका. सालं माणसाला तशीही पूर्ण पचत नाहीत, मोठ्यांचंही तेच होतं, आपण बघत नाही एवढंच. शी पातळ नाही, पोट फुगलेलं नाही, मूल खेळतंय आणि वजन वाढतंय तर डाळ पचतेय. सुरुवात मात्र दोन चमच्यांनी करा, दर दोन-तीन दिवसांनी एक चमचा वाढवा. एकदम वाटीभर दिली तर गॅस होणारच, मग दोष डाळीला. त्या घरी दहा-बारा दिवस लागले. दूध पाणी न घालता, दिवसाला 250 मिली, बाटलीऐवजी कपाने. तीन महिन्यांनी वजन नऊ किलो. सूनबाईंनी काट्यावरचा फोटो पाठवला, मी जपून ठेवलाय.

अरे, दहाच मिनिटं राहिली म्हणताय? बरं, पटापट सांगते.

कॅल्शियम. पाणी न घातलेलं दूध-दही मिळून 250 मिली घेतलं की 300 मिलीग्रॅम आले. नागलीच्या दोन मोठ्या चमचे पिठाची पेज, घट्ट बरं का, साठ-सत्तर देते. उरलेलं शेवग्याच्या पाल्यातून, भाजून कुटलेल्या तिळातून. पालक कॅल्शियमसाठी मोजू नका, त्यातलं ऑक्झॅलेट ते अडवून धरतं. केळी आपल्या जळगावची, द्या जरूर, पण एका केळ्यात प्रोटीन ग्रॅमभर आणि कॅल्शियम नावाला, म्हणून दह्यात कुस्करून शेंगदाण्याचं बारीक कूट घालून द्या. अख्खा शेंगदाणा या वयात अजिबात नको, श्वासनलिकेत अडकतो. आणि उलट टोक, काही घरात मूल दिवसाला लिटरभर दूध पितं आणि जेवत नाही. दुधात लोह नसल्यासारखंच, ती मुलं गुबगुबीत आणि पांढरीफटक असतात. अर्ध्या लिटरच्या वर जाऊ नका. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त शोषलं जातं, आणि बाळाला चहा-बिस्कीट बंद, चहा लोह अडवतो.

बी बारा. इथं स्पष्ट बोलते, डाळ, भाकरी, भाजी, फळं यांत ते नाही. शाकाहारी घरात ते फक्त दूध, दही, ताक, पनीर यातून. 250 मिली दुधात दिवसाची गरज जवळपास भागते, पाणी घातलेल्या दुधात नाही. पण आईलाच कमी असेल तर बाळ जन्मापासून कमी साठा घेऊन येतं आणि आईच्या दुधातूनही कमीच मिळतं. बाळ सुस्त झालं, हसायचं थांबलं, बसायला लागलेलं परत बसेना, बोटांचे सांधे काळे पडले, केस विरळ-भुरे झाले, हात थरथरायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. ते जेवणाने भरून निघत नाही, औषधच लागतं, आणि आईचंही रक्त तपासून घ्या.

व्हिटॅमिन डी जेवणातून फारसं मिळतच नाही. ऊन आपल्याकडे रग्गड, पण मे महिन्यात बाळाला दुपारी बाहेर काढायचं नाही आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. हिवाळ्यात अंग थोडं उघडं ठेवून उन्हात खेळवा, थेंबांचं डॉक्टरांना विचारा, मनगटं रुंद किंवा पाय वाकडे दिसले तर नक्कीच. आणि व्हिटॅमिन ए चा सरकारी डोस चुकवू नका, नऊ महिन्यांना पहिला, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सोबत गाजर, लाल भोपळा, पपई, वर तुपाचा थेंब.

बाहेरच्या खोलीत वजनकाटा मांडलाय. मागच्या रांगेतल्या मावशी, तुमच्या मांडीवर झोपलाय तो उठला की पहिला त्यालाच घेऊ, आणि सकाळपासून त्याने काय काय खाल्लं ते आठवून ठेवा, किती घट्ट होतं तेसुद्धा.