हळदीच्या फोटोचा रंग कुठे बिघडतो?

(दृश्य: एडिटिंगच्या टेबलावरचा मॉनिटर, शेजारी एक फोन. दोन्हींवर एकच फोटो.)

हळदीचा फोटो आहे. नवरीच्या गालांना हळद लागलेली, मागे पांढरी भिंत. मॉनिटरवर तो छान दिसतो. फोनवर मात्र चेहरा काळवंडलेला, भिंत पिवळट आणि पापण्यांभोवती पांढरी किनार. फाइल एकच आहे आणि एडिटरची नजरही चांगली आहे. फरक पडला तो मॉनिटरमुळे. मॉनिटर ज्या बाजूला झुकलेला असतो, त्याच्या उलट दिशेला एडिटरचा हात जातो, आणि ती उलट दुरुस्ती फाइलमध्ये कायमची बसते.

आधी उजेडाचं बघू. नवा मॉनिटर बऱ्याचदा भरपूर उजळ ठेवूनच येतो. समजा, त्याचा पांढरा रंग ३०० निट्स उजेड देतोय. मंद दिव्याच्या खोलीत एडिटिंगसाठी साधारण १२० निट्स पुरतात. म्हणजे पडदा अडीच पट उजळ, कॅमेऱ्याच्या भाषेत जवळपास सव्वा स्टॉप. अशा पडद्यावर चेहरा फटफटीत दिसतो, म्हणून एडिटर तो खाली आणतो. काळवंडलेपणा आला तो इथून.

भिंतीचंही तसंच. मॉनिटर ‘कूल’ मोडवर असला की पांढरा निळसर दिसतो. निळसरपणा घालवायला एडिटर फोटोत पिवळा वाढवतो, आणि हळदीच्या फोटोत तो पटकन लक्षातही येत नाही. म्हणून रंग तपासताना हळदीकडे बघू नये, भिंतीकडे बघावं.

(दृश्य: पडद्यावर टेकवलेला कलरिमीटर. त्याखाली रंगांचे चौकोन बदलत आहेत.)

यावर डोळ्यांचा भरवसा धरता येत नाही, कारण डोळे निळसर पांढऱ्यालाही काही मिनिटांत सरावतात. म्हणून मोजायला कलरिमीटर हवा. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या. नाईट लाइट, डोळ्यांसाठीचा मोड, आपोआप बदलणारा उजेड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करा. पडदा किंचित मागे कलवा, म्हणजे यंत्र सपाट बसेल आणि खोलीतला प्रकाश आत शिरणार नाही.

कलरिमीटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन लक्ष्यं द्यायची: उजेड १२० निट्स, पांढरा डी-६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन, आणि गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते, २.२. वेबवरच्या फोटोंसाठी हे ठीक आहे. अंधाऱ्या खोलीत टीव्हीसाठी ग्रेडिंग करणारे सहसा १०० निट्स आणि गॅमा २.४ धरतात. उजेड आणि लाल-हिरव्या-निळ्याचा तोल शक्यतो मॉनिटरच्या बटणांनीच जुळवा. उरलेली बारीक दुरुस्ती ग्राफिक्स कार्डकडून होते आणि पडद्याचे रंग नेमके कसे आहेत याची नोंद प्रोफाइलमध्ये राहते. फोटोचं सॉफ्टवेअर तीच नोंद वाचून रंग दाखवतं. शेवटी पडताळणी करायची. तिथे ‘डेल्टा ई’ म्हणजे हवा तो रंग आणि दिसलेला रंग यांतलं अंतर. सरासरी दोनच्या खाली आली तर निर्धास्त कामाला लागा.

(दृश्य: राखाडी पार्श्वभूमीवर एक पिक्सेल जाडीच्या काळ्या रेघा.)

पापण्यांची किनार मात्र कलरिमीटरला सापडत नाही. तो उजेड आणि रंग मोजतो. शार्पनेस आपल्यालाच बघून लावावा लागतो, आणि बरेच जण इथेच थांबतात. आधी मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर आणा. १९२० बाय १०८० चा पडदा त्याहून कमीवर चालवला की सगळंच मऊ दिसतं आणि एडिटर शार्पनिंग वाढवत जातो. मग मॉनिटरच्या मेनूतला शार्पनेस वरखाली करून या रेघा बघा. तो जास्त झाला की रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरी छाया उमटते, कमी झाला की रेघ पसरते. दोन्ही नसतील ती जागा योग्य. ती शून्यावरच असते असं नाही. काही मॉनिटरांवर शून्य म्हणजे मुद्दाम मऊ केलेलं चित्र असतं.

फोटो ज्या आकारात पाठवायचा, त्याच आकारात आणि १०० टक्के झूमवर शार्पनिंग ठरवा. खूप दाट पिक्सेलच्या पडद्यावर १०० टक्क्यांवरही चित्र लहान दिसतं आणि किनार लपते. तिथे एकदा २०० टक्क्यांवरही बघा.

(दृश्य: वेगवेगळ्या फोनवर तोच फोटो.)

हे सगळं केलं तरी प्रत्येक प्रेक्षकाचा फोन ताब्यात येत नाही. कुणाचा ‘व्हिव्हिड’ मोडवर असेल, कुणी उन्हात बघत असेल. पण फाइल तटस्थ असली की तिच्यात त्यांच्या पडद्याचाच काय तो दोष मिसळतो, आपल्या पडद्याचा नाही. वेबसाठी फोटो एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्यात, त्याचं प्रोफाइल जोडूनच एक्स्पोर्ट करा. रुंद रंगपट्ट्याच्या मॉनिटरवर काम करत असाल तर हे जास्तच जपा, कारण रुंद रंगपट्ट्यातच राहिलेल्या फाइलचं प्रोफाइल गळालं तर झेंडू फोनवर फिका पडतो. आणि मॉनिटरचा बॅकलाइट वापराने मंदावत जातो, पांढराही सरकतो. महिन्या-दोन महिन्यांनी कलरिमीटर पुन्हा पडद्यावर लावा.