तारीख नको, टप्पा लिहा

मित्रहो, जातक तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत अर्धं विसरतो, पण कुंडलीचं लेखी टिपण कपाटात राहतं आणि वर्षभरानं पुन्हा उघडलं जातं. म्हणून त्यात काय लिहावं, हे एका टिपणावरूनच सांगतो.

तासगावचा एक तरुण माझ्याकडे आला होता. नोकरी सोडून वडिलांच्या बेदाण्याच्या व्यापारात पडायचं त्याच्या मनात होतं. कन्या लग्न, पुष्य नक्षत्र. दुसऱ्या स्थानी शुक्र स्वतःच्या तूळ राशीत, सहाव्यात कुंभेचा शनी. पण दवाखान्याच्या कागदावर जन्मवेळ सव्वासहा होती आणि आई म्हणत होती साडेसहा.

या पंधरा मिनिटांनी काय बिघडतं, ते आधी तपासलं. लग्न तेवढ्यात तीन-चार अंश सरकतं. त्याचं लग्न अकरा अंशांवर होतं, त्यामुळे रास बदलत नव्हती. म्हणजे स्थानांवरून जे बोलायचं, ते ठामपणे लिहिता येत होतं. दशेचं तसं नाही. पुष्याची जन्मदशा शनीची, १९ वर्षांची. चंद्राला नक्षत्र ओलांडायला साधारण २४ तास लागतात असं धरलं, तर पंधरा मिनिटं म्हणजे त्याचा ९६वा भाग. १९ वर्षांचा ९६वा भाग जवळपास ७२ दिवस होतो, आणि पुढची प्रत्येक दशा तेवढीच सरकते. सव्वासहा धरलं तर शुक्राची महादशा २० ऑगस्टला लागत होती, साडेसहा धरलं तर ९ जूनच्या आसपास. पंचांगाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसापर्यंतची तारीख दिसते, आणि आपले लोक तीच उतरवून देतात. हे मला अजिबात पटत नाही.

मी लिहिलं ते असं: ‘घरच्या धंद्यात आणि बोलण्यात तुमची ताकद आहे; गिऱ्हाईक तुमच्यावर विश्वास ठेवतं. कर्ज फेडायची चिकाटी आहे, पण पैसा उशिरा हाती येतो. म्हणून उधारीवर माल देताना मुदत लिहून घ्या, कुणाला जामीन राहू नका. जून ते ऑगस्ट हा बदलाचा काळ आहे. त्याआधी नोकरी सोडू नका. तोवर वडिलांच्या वहीतली येणी समजून घ्या.’

चालू दशेचे ‘केतू-बुध’ हे शब्द त्यात नव्हते. ‘षष्ठात शनी’ असं लिहिलं असतं, तर त्याच्या आईचा रात्रभर डोळा लागला नसता. प्रकृतीबद्दल मी काही लिहिलं नाही. ते डॉक्टरांचं काम आहे.

आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘जन्मवेळ सव्वासहा धरली आहे. साडेसहा असल्याचा कागद सापडला, तर बदल ऑगस्टऐवजी जूनमध्येच येईल. मला कळवा, नवीन टिपण देईन.’