ओल्या केसांनी खरंच सर्दी होते का?

नमस्कार! "केस पूस नीट, सर्दी होईल!" हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आलं नाही, असं मराठी घर सापडणं कठीण. आज बघू, ते कितपत खरं आहे.

इंग्लंडमध्ये सॅलिसबरी गावाजवळ 1946 साली सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र सुरू झालं. तिथे ख्रिस्तोफर अँड्र्यूज यांनी स्वयंसेवकांचे तीन गट केले. पहिल्या गटाच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले. दुसऱ्या गटाला गरम पाण्याने अंघोळ घालून, ओल्या कपड्यांनिशी अर्धा तास वाऱ्याच्या बोळात उभं केलं आणि नंतर ओले मोजे घालून ठेवलं. तिसऱ्या गटाला विषाणूही दिले आणि गारठवलंही. नुसतं गारठवलेल्या गटात एकालाही सर्दी झाली नाही. तिसऱ्या गटात पहिल्या खेपेला सर्दीचं प्रमाण जास्त दिसलं, पण प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो फरक टिकला नाही.

म्हणजे विषाणू नसेल तर सर्दी नाही. मग थंडीचा काहीच हात नाही? इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. 2005 साली ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात संशोधकांनी 90 जणांना 20 मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं, आणि 90 जणांना रिकाम्या भांड्यात पाय ठेवून. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या 13 जणांनी "मला सर्दी झालीय" असं सांगितलं, दुसऱ्यातल्या 5 जणांनी. अंग गार पडलं की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आधीच नाकात दबा धरून बसलेल्या विषाणूला वाव मिळतो, असा संशोधकांचा अंदाज. पण त्यांनी कोणाच्याही नाकात विषाणू आहे का हे तपासलं नव्हतं. त्यामुळे हा पुरावा कच्चाच म्हणायला हवा.

आता समजा, तुम्ही रविवारी रात्री केस धुतले, तसेच झोपलात आणि सोमवारी सकाळी घसा खवखवायला लागला. दोष केसांवर जातो. पण विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे तो बहुधा शुक्रवारी-शनिवारीच कोणाच्या तरी शिंकेतून किंवा हातातून तुमच्यापर्यंत पोचला होता.

गारठ्यात नाक गळतं, शिंका येतात, हे मात्र खरं. पण ऊब मिळाली की ते थोड्या वेळात थांबतं. खरी सर्दी पांघरूण घेतल्याने थांबत नाही. ती आठवडाभर मुक्काम करते.

आणि फ्रीजमधलं पाणी? त्यात सर्दीचा विषाणू तयार होत नाही. गार पाण्याने नाकातला शेंबूड काही वेळ संथ सरकतो, म्हणून आधीच सर्दी असेल तर नाक जास्त चोंदल्यासारखं वाटू शकतं. गाड्यावरच्या गोळ्याची काळजी करायचीच, तर बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते विचारा. अस्वच्छ बर्फाने पोट बिघडतं.