दोनशे रुपयात मुलाच्या नावावर घर?

दुय्यम निबंधक कार्यालय, सकाळची साडेदहाची वेळ. बाकावर एक काकू बसल्यात, वय ६८, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात फ्लॅटचं जुनं अ‍ॅग्रीमेंट, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू आणि आधार कार्डाच्या चार झेरॉक्स. शेजारी मुलगा उभा आहे, टोकन नंबर कधी लागतो ते बघतोय. नंबर लागला की काकूंना आत बोलावतील, समोर छोटा कॅमेरा असेल, फोटो निघेल, मशीनवर अंगठा टेकवायचा आणि समोरचा माणूस विचारेल, दस्त कबूल आहे ना? काकू हो म्हणतील. ह्या सगळ्याला दहा मिनिटं पण लागत नाहीत.

काकू आपल्यासाठी एक उदाहरण आहेत, पण असं उदाहरण महाराष्ट्रातल्या कुठल्याही रजिस्ट्रेशन ऑफिसात रोज बघायला मिळतं.

काकूंना इथे आणलंय एका आकड्याने, दोनशे रुपये. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात बक्षीसपत्रासाठी, म्हणजे आपण ज्याला गिफ्ट डीड म्हणतो त्यासाठी, एक मोठी सवलत आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा वारलेल्या मुलाची बायको यांना बक्षीस दिली तर स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये. हे खरं आहे, पण एवढंच नाही. वर महापालिकेचा नाहीतर जिल्हा परिषदेचा अधिभार असतो, तो साधारण १ टक्का, आणि तो मोजतात रेडी रेकनरच्या बाजारमूल्यावर, काही शहरांत मेट्रोचा अधिभारही असतो. काकूंचा फ्लॅट समजा ६० लाखांचा, तर दोनशे रुपयांच्या शेजारी साठ हजार येऊन बसतात. म्हणून दस्ताची तारीख ठरवायच्या आधीच ऑफिसातून मूल्यांकन आणि एकूण खर्च काढून घ्या, ऐनवेळी धावपळ नको.

आणि ती नात्यांची यादी परत एकदा नीट ऐका. त्यात सून नाही. मुलगा हयात असताना सुनेचं नाव त्याच्यासोबत बक्षीसपत्रात घातलं, जे लोक अगदी प्रेमाने घालतात, तर तिच्या वाट्याला २०० रुपयांची सवलत लागू होत नाही, तिथे खरेदीखताच्या दराने ड्युटी बसू शकते. दुकान किंवा ऑफिसचा गाळा असेल तरी ही सवलत नाही, मुलाला दिला तरी ३ टक्के.

आता मृत्युपत्र. त्याला स्टॅम्प ड्युटीच नाही, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्या दोघांनी करणाऱ्याला सही करताना बघितलेलं असावं किंवा ही सही माझीच असं त्याने त्यांना सांगितलेलं असावं. नोंदणी ऐच्छिक आहे, केली तर फी १०० रुपये. पैशाच्या हिशोबाने मृत्युपत्र सरळ सरळ स्वस्त आहे, पण मुळात खर्चावरून हा निर्णय घेऊच नये असं मला वाटतं, कारण खरा फरक आहे वेळेचा. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर त्या दिवसापासून मुलाचं. मृत्युपत्राने घर जातं ते माणूस गेल्यावर, तोपर्यंत तो कागद कपाटात असतो आणि घराचा मालक बदलत नाही.

काकू आज दस्त कबूल करून बाहेर आल्या की संध्याकाळी त्या ज्या घरात चहा करणार ते घर त्यांचं राहिलेलं नसेल. मुलगा ते गहाण ठेवू शकतो, विकू शकतो, त्याच्या धंद्यातली देणी थकली तर जप्तीची नोटीसही त्याच घराच्या दारावर लागू शकते. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. मुलगा चांगलाच असेल, पण चांगल्या माणसाचाही धंदा बुडतो, चांगला माणूसही अकाली जातो. तसं झालं तर? काकूंचा मुलगा मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे त्याची बायको, मुलं आणि आई असे वाटे पडतील, म्हणजे जे घर पूर्ण आपलं होतं त्यात काकू आता एक वाटेकरी. त्यांच्या जागी वडील असते तर अजून कठीण, कारण आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गात येतात, सून आणि नातवंडं असताना त्यांना काहीच मिळत नाही. स्वतः कमावलेलं घर आणि त्यात कायद्याने शून्य वाटा. हे ऐकलं की लोक गप्प होतात.

मग म्हणतात, असं काही वाटलं तर रद्द करू की!

इथेच सगळं अडतं. मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, शुद्धीवर आणि समजून उमजून केलं म्हणजे झालं, नवं मृत्युपत्र केलं की जुनं गेलं, रजिस्टर केलेलं मृत्युपत्रही नंतरच्या बिनरजिस्टर मृत्युपत्राने रद्द होऊ शकतं. बक्षीसपत्राचं तसं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम १२६ सांगतं की एकदा दिलेलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलेलं बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीने परत घेता येत नाही. फसवणूक झाली, जबरदस्ती झाली, दबाव टाकला असं कोर्टात सिद्ध करावं लागतं, नाहीतर दोघांनी आधीच ठरवलेली अशी एखादी घटना लागते जी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नाही. काहीजण हुशारीने दस्तात लिहून घेतात की मला वाटेल तेव्हा मी हे बक्षीस रद्द करीन. त्याच कलमाप्रमाणे असं नुसत्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मुळातच निरर्थक ठरतं. म्हणजे ज्या वाक्यासाठी आपण निर्धास्त झोपतो तेच वाक्य दस्त बुडवतं. आणि एकट्या आईने जाऊन रद्दलेख नोंदवून आणला तर त्या कागदाने मालकी परत येत नाही.

बरं, मुलगा स्वतःहून परत द्यायला तयार झाला तर? मनापासून म्हणाला, आई, तुझं घर तुला घे. तेव्हा नवीन बक्षीसपत्र लागतं, मुलाकडून आईला, आणि २०० रुपयांच्या यादीत आई-वडील नाहीत. तिकडे ३ टक्के लागतात. ६० लाखांवर १ लाख ८० हजार, वर परत साठेक हजार अधिभार, म्हणजे २ लाख ४० हजारांच्या घरात. जाताना ज्या दाराचं तिकीट दोनशे रुपये होतं त्याच दाराने परत यायला एवढे पैसे, आणि तेही समोरच्याची तयारी असेल तरच.

एक रस्ता मात्र आहे आणि तो खास ज्येष्ठांसाठी केलेला आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा, २००७, कलम २३. साठीच्या पुढच्या माणसाने घर देताना अट घातली की घेणाऱ्याने माझ्या मूलभूत गरजा भागवायच्या, माझं करायचं, आणि त्याने ते केलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं नाही, अर्ज प्रांत ऑफिसच्या पातळीवर होतो. पण वाक्यातला महत्त्वाचा शब्द अट. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं की अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, मुलगा बघत नाही एवढं म्हणून चालत नाही. नंतर २ जानेवारी २०२५ ला मध्य प्रदेशातल्या एका आईच्या केसमध्ये कोर्टाने तिचं बक्षीसपत्र रद्द धरलं आणि ताबाही द्यायला सांगितला, तिथे बक्षीसपत्राच्याच दिवशी मुलाने वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं की मी शेवटपर्यंत आईला सांभाळीन आणि नाही सांभाळलं तर ती बक्षीस परत घेऊ शकते. ह्या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला पाहिजे असंही कोर्ट म्हणालं. एक कागद, त्याने घर वाचलं.

आपल्याकडच्या छापील नमुन्यात काय असतं बघा, "मी प्रेमापोटी, कोणत्याही मोबदल्याशिवाय आणि कोणत्याही अटीशिवाय सदर सदनिका बक्षीस देत आहे." ते "कोणत्याही अटीशिवाय" आधी काढायला लावा. त्या जागी हे येऊ दे: "बक्षीस घेणार यांनी देणार यांचा हयातभर सांभाळ करावा, अन्न, औषधोपचार व निवारा पुरवावा, ही या बक्षीसाची अट आहे. देणार यांना हयात असेपर्यंत सदर सदनिकेत राहण्याचा हक्क राहील." शेवटच्या वाक्याने बक्षीस कच्चं होत नाही, राहण्याचा हक्क आणि ताबा स्वतःकडे ठेवून दिलेलं बक्षीसही सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये वैध धरलेलं आहे. ह्या दोन ओळींना एक रुपया जास्त लागत नाही.

मग मृत्युपत्रच करावं का? काकूंना घर हेच एकमेव छप्पर आहे आणि मुलगी पण आहे, ती परगावी असते, तिला काय द्यायचं ते अजून ठरलेलं नाही. अशा माणसाने बक्षीसपत्राची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्याकडे दुसरं घर आहे, पेन्शन आहे, आणि मागे भांडण नको म्हणून जिवंतपणी वाटून मोकळं व्हायचं आहे त्याला बक्षीसपत्र सोयीचं पडतं, तो स्वतः हजर असतो, अंगठा त्याचा, फोटो त्याचा, नंतर कोणी शंका घेतली तर उत्तर द्यायला तो आहे.

मृत्युपत्राची कमजोरी नेमकी तीच, उत्तर द्यायची वेळ येते तेव्हा करणारा नसतो. वाद कोर्टात गेला तर हयात असलेल्या साक्षीदारांपैकी निदान एकाला तरी येऊन सांगावं लागतं की ह्या माणसाने माझ्यासमोर सही केली. म्हणून साक्षीदार आपल्याच वयाचे घेऊ नका, दहावीस वर्षांनी लहान घ्या, शक्यतो एक ओळखीचा डॉक्टर, जो त्याच दिवशी तब्येत आणि मानसिक स्थितीचा दाखला पण देईल. आणि ज्याला घर मिळणार आहे त्याने वकील गाठणं, मजकूर सांगणं, आईला गाडीतून घेऊन येणं हे करू नये, कोर्टात सगळ्यात जास्त शंका त्यावरच येते, ज्याचा फायदा त्यानेच धावपळ का केली?

काकूंचा नंबर लागतो. त्या उठतात, चष्मा लावतात आणि काउंटरवर जायच्या आधी मुलाला म्हणतात, अरे, चौथं पान परत एकदा वाचून दाखव. मुलगा वाचतो. "कोणत्याही अटीशिवाय" आल्यावर काकू हात वर करतात, हे कशाला रे? मुलगा म्हणतो, छापीलच आहे आई. काकू टोकन काउंटरवर ठेवतात आणि सांगतात, आज नको, एवढी ओळ बदलून आणतो आणि पुढच्या आठवड्यात येतो.